चाकणच्या कंपनीत इंटर्नशिपसाठी मॅनेजरना मेल पाठवायचा आहे, मजकूर बघाल का? (मेकॅनिकल, शेवटचं वर्ष)

शेवटचं_वर्ष
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे आठव्या सेमिस्टरला पूर्णवेळ इंटर्नशिप घेता येते, त्या काळात दोन विषय ऑनलाइन असतात. चाकणला गाड्यांचे ब्रॅकेट आणि हौसिंग मशीनिंग करणारी एक कंपनी आहे. तिथे नोकरीला असलेल्या एका सीनियरने क्वालिटी मॅनेजरांचा मेल आयडी दिला आहे. मेल इंग्रजीतच जाणार, पण मजकुरावर बोलता यावं म्हणून मराठीत टाकतो:

"आदरणीय महोदय, मी एक मेहनती, जिज्ञासू आणि ध्येयवादी विद्यार्थी असून आपल्या नामांकित कंपनीत इंटर्नशिप करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. कौशल्ये: सॉलिडवर्क्स, कॅटिया, ऑटोकॅड, अॅन्सिस, मॅटलॅब, पायथन, जीडी अँड टी, सहा सिग्मा, एमएस ऑफिस, टीमवर्क, नेतृत्व. प्रकल्प: ड्रिल जिगचे डिझाइन व निर्मिती, ज्यात प्रक्रियेची क्षमता १.३३ मिळाली. उपलब्धता: मी ताबडतोब आणि कधीही रुजू होऊ शकतो. सोबत रेझ्युमे, प्रोजेक्ट रिपोर्ट व ड्रॉइंग जोडत आहे. कृपया संधी द्यावी ही नम्र विनंती."

कुठे काय बदलू?

बोलघेवडा
"ध्येयवादी" वाचून मला आमच्या गावचे निवडणुकीचे फ्लेक्स आठवले. बाकी ठीक वाटतंय.

हिंजवडीकर_मीनल
माझ्या बहिणीच्या मुलीने गेल्या वर्षी असाच मेल केला होता. तिने सरळ गिटहबची लिंक दिली, एका डेमोचा व्हिडिओ जोडला, आठवड्यात मुलाखत झाली. तूही कोडची लिंक टाक ना. हल्ली रेझ्युमे कोण वाचतं?

शेवटचं_वर्ष
ताई, माझ्याकडे कोड नाही, लोखंडाची जिग आहे. :)

हिंजवडीकर_मीनल
मग जिगचा व्हिडिओ टाक! मुद्दा तोच. केलेलं काम दिसलं पाहिजे.

सरळ_रेषा
अरे, मेलबिल कशाला? नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणी कर. शिकाऊ उमेदवारांचा स्टायपेंड सरकार देतं, त्यामुळे कंपन्या हसत घेतात. माझा भाऊ तसाच लागला.

वैदेही_रांजणगाव
सरळ_रेषा, तुमचं अर्धं बरोबर आहे. तुमचा भाऊ पदवी झाल्यावर लागला असणार. ती अॅप्रेंटिसशिप, १९६१ च्या कायद्याखालची, करार करून होणारी. त्यातही सगळा स्टायपेंड सरकार देत नाही. कंपनी देते, सरकारचा वाटा ठरलेल्या किमान रकमेच्या निम्माच असतो. या मुलाची पदवी अजून हातात नाही आणि त्याला सेमिस्टरचे क्रेडिट हवेत. त्याची वाट कॉलेजच्या पत्रातूनच जाते. पास झाल्यावर नॅट्सचा विचार जरूर करावा.

मी एचआरमध्ये आहे म्हणून उपलब्धतेबद्दल सांगते. "ताबडतोब आणि कधीही" हे वाक्य वाचलं की मेल बाजूला पडतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी कधीही येऊ शकत नाही हे आम्हाला माहीत असतं. त्याची परीक्षा असते, हजेरी असते, मध्येच गाइड बोलावतो. मग आम्हालाच फोन करून विचारावं लागतं: कधीपासून, कधीपर्यंत, आठवड्याचे किती दिवस, राहणार कुठे. तेवढा वेळ कुणाला आहे? तारखा लिही.

शेवटचं_वर्ष
सातव्या सेमिस्टरची परीक्षा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. सोमवार ५ जानेवारीपासून ३० एप्रिलपर्यंत मोकळा आहे. ऑनलाइन लेक्चर संध्याकाळी असतात. महिन्यातून एकदा गाइडना भेटायला कॉलेजला जावं लागेल. राहायची सोय भोसरीला मावशीकडे आहे. हे सगळं लिहायचं? खासगी वाटत नाही का?

वैदेही_रांजणगाव
मावशी लिहू नकोस, "भोसरीत राहण्याची सोय आहे" एवढं पुरे. सकाळच्या शिफ्टला पोचशील की नाही हे त्यावरून कळतं. नाशिक रोडची सकाळ काय असते ते तिकडच्यांना सांगायला नको.

अजून एक. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, काहींची रविवारी. म्हणून गाइडच्या भेटीचा वार आताच ठरवू नकोस. "महिन्यातून एक दिवस, शक्यतो कंपनीच्या सुट्टीला जोडून" असं लिही.

गेज_काका
उशिरा आलो. चाकण-तळेगाव पट्ट्यात क्वालिटी बघतो, असे मेल माझ्याकडे येत असतात. तारखांचं वैदेहीताईंनी सांगितलंच आहे. मी कौशल्यं आणि प्रोजेक्टवर बोलतो.

कौशल्यांच्या ओळीत अकरा गोष्टी आहेत. समज, उद्या मी तुला एक ड्रॉइंग आणि एक ब्रॅकेट हातात दिला आणि म्हटलं, मोजून आण. या अकरातलं काय कामाला येईल? जीडी अँड टी, तेही खरंच वाचता येत असेल तर. बाकी दहा गोष्टी ठेवल्यास तरी मला त्यातून काही कळत नाही. उलट कुठली उपकरणं हाताळलीस ते कुठेच नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर डायल, सीएमएम यातलं काय स्वतः वापरलंस?

आता प्रोजेक्ट. "क्षमता १.३३" म्हणजे सीपी की सीपीके? किती नग मोजले, कशाने मोजले, माप काय होतं? मेल वाचताना माझा पहिला प्रश्न हाच असेल. तुला उत्तर देता आलं तर बोलावणार, नाही आलं तर नाही.

शेवटचं_वर्ष
सर, शिरोली एमआयडीसीत ओळखीचं एक वर्कशॉप आहे, त्यांच्यासाठी जिग केली. ब्रॅकेटच्या कडेपासून ८ मिमीच्या छिद्राच्या मध्यापर्यंत ४८ मिमी, टॉलरन्स अधिक-उणे ०.१. आधी ते मार्किंग करून ड्रिल मारत. जिगवर ३० नग काढले, ०.०२ च्या व्हर्नियरने मोजले. सरासरी ४८.०३, सिग्मा ०.०२५. ०.२ भागिले ०.१५, म्हणून १.३३. ती सीपी आहे.

उपकरणांपैकी व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हाइट गेज वापरलंय. सीएमएम फक्त पाहिलंय. सॉलिडवर्क्समध्ये जिगची पूर्ण असेंब्ली मीच केली. अॅन्सिस आणि मॅटलॅब लॅबपुरतं.

गेज_काका
हे मेलमध्ये का नव्हतं? तुझ्या सगळ्या मजकुरात हाच परिच्छेद वाचण्यासारखा आहे.

आता नीट बघ. सीपी फक्त विखुरणं किती ते सांगते, माप मध्यावर आहे की नाही ते सांगत नाही. तुझी सरासरी ४८.०३ आहे, वरची मर्यादा ४८.१०. वरच्या बाजूला उरले ०.०७. त्याला तीन सिग्मांनी म्हणजे ०.०७५ ने भाग. ०.९३. ही तुझी सीपीके. त्या हिशेबाने हजारात दोन-तीन नग वरच्या मर्यादेच्या बाहेर जातील. ३० नगांत ते दिसणार नाहीत, म्हणून तुला सगळं छान वाटतंय. मेलमध्ये नुसतं १.३३ लिहिलंस आणि मुलाखतीत मी सरासरी विचारली, की दोन मिनिटांत हे बाहेर येणार.

दुसरी गोष्ट. सिग्मा ०.०२५ आणि व्हर्नियरचं एक घर ०.०२. हे विखुरणं ब्रॅकेटचं आहे की तुझ्या हाताचं? एकच ब्रॅकेट दहा वेळा मोज आणि आकडे किती हलतात ते बघ.

पन्हाळगडी
माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, जिग रोज बघतो. काकांच्या हिशेबाबद्दल वाद नाही. पण सगळेच नग एकाच बाजूला ०.०३ ने सरकलेत, म्हणजे जिगमध्येच तेवढा फरक आहे. कड ज्या स्टॉपला टेकते तो स्टॉप बुशपासून ०.०३ लांब बसलाय. कचरा अडकला असता तर एखाददुसरा नग गेला असता, सगळे नाही. बुश घासला असता तर ड्रिल इकडेतिकडे हललं असतं, विखुरणं वाढलं असतं. स्टॉपच्या तोंडावर एक थाऊची, म्हणजे ०.०२५ ची शिम लावून बघ, कड बुशकडे सरकेल. शिम टिकत नाही, कोपऱ्यात दुमडते, म्हणून खात्री पटली की नवा स्टॉप ग्राइंड करून बसव.

आणि पोरा, ३० नग स्वतः मोजणारी मुलं हल्ली कमी दिसतात. आमच्याकडे येतोस का? चाकण लांब आहे.

बोलघेवडा
घ्या, धाग्यातच ऑफर!

गेज_काका
पन्हाळगडींचं निदान बरोबर आहे. पण शिम लावण्याआधी मापणी सुधार, नाहीतर व्हर्नियरच्या चुकीला शिम लावून बसशील.

कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये सरफेस प्लेट, स्लिप गेज आणि डायल असतीलच. ब्रॅकेट कडेवर उभा कर, म्हणजे जी कड स्टॉपला टेकते ती प्लेटवर. छिद्रात घट्ट बसेल अशी ८ ची पिन घाल. पिनचा माथा ४८ अधिक ४, म्हणजे ५२ वर यायला हवा. ५२ चा स्लिप गेजचा थर रच, त्यावर डायल शून्य कर आणि मग पिनच्या माथ्यावरून फिरव. डायल जितका अधिक-उणे दाखवेल तितकं माप हललं. पिन सैल असेल तर ती छिद्रात खाली बसते आणि सगळी मापं कमी येतात, तेवढं सांभाळ.

शेवटचं_वर्ष
आज लॅब असिस्टंट सरांना विचारून तेच ३० नग पुन्हा मोजले. सरासरी ४८.०३ च आली, पण सिग्मा ०.०२०. म्हणजे सीपी १.६७ आणि सीपीके १.१७. एकच नग व्हर्नियरने दहा वेळा मोजला तेव्हा ०.०४ पर्यंत फरक पडत होता.

शिम अजून लावलेली नाही, जिग वर्कशॉपमध्ये आहे. मेलमध्ये १.६७ लिहू की १.१७?

गेज_काका
दोन्ही. आणि फरक कशामुळे पडला तेही.

सरळ_रेषा
पण काका, १.१७ म्हणजे कमीच ना? गाड्यांच्या कंपन्या किमान १.३३ मागतात. पहिल्याच मेलमध्ये आपली उणी बाजू कशाला दाखवायची? १.६७ लिहून मोकळं व्हावं. मुलाखतीत विचारलं तर सांगेल.

पन्हाळगडी
मलाही तसंच वाटतं. गिऱ्हाइकाला कोटेशन देताना मी मशीनच्या अडचणी आधी सांगत नाही.

गेज_काका
कोटेशन आणि इंटर्नशिप यात फरक आहे. मला त्याच्याकडून तयार माल घ्यायचा नाही, त्याच्यावर काम सोपवायचंय. सरासरी सरकलीय, कारण स्टॉप असावा, पुढे शिम लावून बघणार, असं लिहिणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी लाइनवर नेऊन सोडू शकतो.

पन्हाळगडी
तुम्ही न्याल हो. सगळे मॅनेजर तुमच्यासारखे असतात का? काही जण १.१७ बघून पुढचं वाचणारही नाहीत.

वैदेही_रांजणगाव
एचआरकडे गेला तर दोन्ही आकड्यांनी फरक पडणार नाही, खरं सांगते. पण हा मेल क्वालिटीवाल्यांना जातोय.

आता जोडलेल्या फाइलींबद्दल. "ड्रॉइंग जोडत आहे" म्हणजे कुठलं ड्रॉइंग?

शेवटचं_वर्ष
ब्रॅकेटचं. वर्कशॉपला त्यांच्या गिऱ्हाइकाने दिलेलं, पीडीएफ. कोपऱ्यात त्या कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर आहे.

वैदेही_रांजणगाव
ते काढ. आत्ता काढ. ते ड्रॉइंग वर्कशॉपचंसुद्धा नाही, त्यांच्या गिऱ्हाइकाचं आहे. बऱ्याच कंपन्यांत गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ते कशासाठी? तुझ्या मेलमधून दुसऱ्याचं ड्रॉइंग आलं, तर आमचंही उद्या बाहेर जाईल असंच कुणालाही वाटेल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते चिकटवलं असेल तर तिथूनही काढ.

गेज_काका
शंभर टक्के. जिगचं तुझं स्वतःचं ड्रॉइंग जोड, एक पान. ब्रॅकेटचं फक्त एक माप, ४८, हाताने काढलेल्या आकृतीत दाखव. तेही वर्कशॉपवाल्यांना विचारून. आणि साठ पानी रिपोर्ट जोडू नकोस, त्यातली पहिली वीस पानं प्रमाणपत्रं आणि आभारच असतात.

हिंजवडीकर_मीनल
आणि व्हिडिओ?

वैदेही_रांजणगाव
मीनलताई, वर्कशॉपच्या आतला व्हिडिओ तर नकोच!

शेवटचं_वर्ष
सगळ्यांचं ऐकून पुन्हा लिहिलंय. विषयाच्या ओळीत: "क्वालिटी विभागात इंटर्नशिपची विचारणा, ५ जानेवारी ते ३० एप्रिल, मेकॅनिकल शेवटचं वर्ष". मजकूर असा:

"नमस्कार सर. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्याकडे मशीनिंग केलेल्या ब्रॅकेटची तपासणी होते हे आपल्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या सीनियरकडून कळलं, म्हणून आपल्या विभागात इंटर्नशिपसाठी विचारतो आहे.

शिरोलीतल्या एका वर्कशॉपसाठी आम्ही चौघांनी ड्रिल जिग केली. डिझाइन आणि मोजमाप माझ्याकडे होतं. कडेपासून छिद्रापर्यंतचं माप ४८ ± ०.१ मिमी. ३० नगांची सरासरी ४८.०३ आली. व्हर्नियरने मोजल्यावर सिग्मा ०.०२५ होती, स्लिप गेज आणि डायलने मोजल्यावर ०.०२०. त्यावरून सीपी १.६७, सीपीके १.१७. सरासरी सरकण्याचं कारण स्टॉपची जागा असावी असं वाटतं. ०.०२५ ची शिम लावून पुन्हा ३० नग मोजणार आहे.

व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, डायल आणि स्लिप गेज मी वापरले आहेत. सीएमएम चालवलेलं नाही. सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली आणि ड्रॉइंग करता येतं. ड्रॉइंगवरच्या पोझिशन आणि फ्लॅटनेसच्या खुणा वाचता येतात, बाकीच्या शिकतो आहे.

५ जानेवारी ते ३० एप्रिल, साधारण १६ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस पूर्णवेळ येऊ शकेन. महिन्यातून एक दिवस कॉलेजला जावं लागेल, तो शक्यतो आपल्या सुट्टीला जोडून घेईन. भोसरीत राहण्याची सोय आहे. कॉलेजचं पत्र आठवड्याभरात देऊ शकतो. सोबत एक पानी रेझ्युमे आणि जिगचं ड्रॉइंग जोडलं आहे."

स्टायपेंडचं काही लिहिलं नाही. लिहावं का?

सरळ_रेषा
लिही रे. फुकट राबवतात. मी एका ठिकाणी दोन महिने नुसत्या एक्सेलच्या शीट भरल्या, जाण्यायेण्याचा खर्चही मिळाला नाही.

वैदेही_रांजणगाव
पहिल्या मेलमध्ये नको. बोलावलं की त्याच फोनवर विचार, त्यात संकोच कसला? बऱ्याच कारखान्यांत जेवण आणि बस तरी मिळते, ते पण विचार. मात्र सरळ_रेषांसारखं होऊ नये म्हणून काम काय देणार हे आधी विचार, पैशांचं नंतर.

पन्हाळगडी
मी असतो तर पैशांचं आधी विचारलं असतं. बाकी मेल चांगला झालाय. "चौघांनी" लिहून पुढे स्वतःचं काम वेगळं सांगितलंस ते बरं केलंस.

गेज_काका
"कारण स्टॉपची जागा असावी असं वाटतं" यातलं "असं वाटतं" काढ. "असावी" पुरे. आणि सीनियरला विचारल्याशिवाय त्याचा उल्लेख करू नकोस, कधीकधी लोकांना ते अडचणीचं होतं. बाकी पाठव. सोमवारी सकाळी नको, तेव्हा आम्ही मीटिंगमध्ये असतो.

शेवटचं_वर्ष
सीनियर म्हणाला नाव घातलं तरी चालेल. बुधवारी दुपारी मेल पाठवला, आज त्यांचं उत्तर आलं. दोनच ओळी आहेत: "शिम लावल्यावरचे ३० नगांचे आकडे पाठव. कॉलेज तुझा अपघात विमा काढतं का?" विम्याचं काय सांगू?

वैदेही_रांजणगाव
प्लेसमेंट ऑफिसला विचार. बरीच कॉलेजं विद्यार्थ्यांचा गट अपघात विमा काढतात. पॉलिसीची प्रत मिळव आणि तिची मुदत ३० एप्रिलच्या पुढे आहे ना ते बघ. बऱ्याचदा ती मार्चअखेर संपते आणि मग एप्रिलमध्ये गेटवर अडवतात. मुदत संपत असेल तर नूतनीकरणाचं कॉलेजचं पत्र आताच माग. सेफ्टी शूज कंपनी देणार की तू आणायचे तेही विचारून ठेव.

पन्हाळगडी
शिमचे आकडे इथेही टाक. सिग्मा तेवढीच राहिली तर सीपीके १.५८ च्या आसपास यायला हवी. नाही आली तर स्टॉप पुन्हा उघडून बघ, शिमखाली बर राहिला असेल.